छेदस्थानी मी

नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर सकाळी सहाच्या सुमारास मी बऱ्यापैकी दखल घेण्याजोगा सायकलपटू असतो. नेरुळहून बेलापूरकडे जाताना, वारा आडवा येत नसेल तर, माझा वेग ताशी एकतीस किलोमीटरच्या आसपास राहतो, आणि आमच्या सोसायटीतले सावंतकाका माझ्या मागच्या चाकापासून हातभर अंतर ठेवून, माझ्या देहाने फोडलेल्या वाऱ्याचा लाभ घेत, निवांत येत असतात. काका बँकेतून निवृत्त झालेले असल्यामुळे दुसऱ्याच्या भांडवलावर चालण्याचा त्यांना सराव आहे. मात्र बेलापूर आले आणि सायकली पारसिक हिलच्या रस्त्याला लागल्या, की काका माझ्या शेजारी येतात, "तुम्ही या सावकाश, घाई काही नाही," असे म्हणतात, आणि पुढच्या वळणाआड दिसेनासे होतात. त्या "घाई काही नाही"मध्ये जी करुणा असते, ती सहन करण्यापेक्षा चढ सहन करणे सोपे आहे.

या अन्यायाचे कारण शोधताना मला वॅट पर किलो हे प्रकरण भेटले. माझ्या पेडलमध्ये बसवलेला पॉवर मीटर पायाच्या जोराने पेडलच्या धातूवर येणारा सूक्ष्म ताण मोजतो, आणि तो जोर व पेडल फिरण्याचा वेग यांवरून मी किती वॅट देतो आहे ते हँडलवरच्या पडद्यावर दाखवतो. वीस मिनिटे जीव तोडून सायकल चालवायची, त्या वेळात मिळालेल्या सरासरीचे पंच्याण्णव टक्के घ्यायचे, आणि ही आपल्याला साधारण तासभर टिकवता येणारी शक्ती आहे असे मानायचे, अशी चाचणीची प्रचलित रीत आहे. माझी सरासरी २२१ वॅट आली, म्हणजे हिशेबाला २१० वॅट मिळाले. काकांचे आले १६८. हे आकडे पाहून मला जो आनंद झाला, तो काकांनी पुढचा प्रश्न विचारीपर्यंत टिकला. "आणि वजन?"

माझे वजन ८४ किलो आहे आणि काकांचे ५६. भागाकार केला तर मी २.५ वॅट पर किलो आणि काका बरोबर ३. अंशस्थानी माझे पाय दिवसरात्र राबतात आणि छेदस्थानी उरलेला मी बसून राहतो, असा त्याचा अर्थ.

आता सपाट रस्त्यावर हा भागाकार का जाणवत नाही, तेही पाहायला हवे. तिथे सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यात जाते, आणि हवेला तुमच्या वजनाशी देणेघेणे नसते. तिला फक्त समोरून दिसणारा तुमचा आकार आणि तुमचा वेग समजतो. मी काकांच्या दीडपट वजनाचा असलो, तरी सायकलवर वाकून बसल्यावर समोरून दीडपट रुंद दिसत नाही (याबाबत घरात वेगळे मत आहे). त्यामुळे सपाटीवर पर किलोपेक्षा नुसते वॅट अधिक बोलतात, आणि माझे बेचाळीस जास्तीचे वॅट मला काकांपेक्षा ताशी एखादा किलोमीटर पुढे ठेवू शकतात. काका तो किलोमीटरही माझ्या मागे बसून वसूल करतात, कारण तीसच्या वेगाला पुढच्या सायकलच्या आडोशाने मागच्याची बरीच शक्ती वाचते.

चढावर हवेचा कारभार संपतो आणि गुरुत्वाकर्षणाचा सुरू होतो. पारसिकचा चढ सगळीकडे सारखा नाही, पण हिशेबासाठी आपण दोन किलोमीटरचा, सलग सहा टक्क्यांचा रस्ता धरू, म्हणजे दर शंभर मीटरला सहा मीटर उंची. सायकल, पाण्याच्या बाटल्या, बूट आणि हेल्मेट यांचे प्रत्येकी बारा किलो धरले, तर माझ्या पायांना एकूण ९६ किलो वर न्यायचे आहेत आणि काकांच्या पायांना ६८. मधला फरक अठ्ठावीस किलोंचा. म्हणजे तांदळाचे एक पोते पाठीला बांधून मी काकांशी शर्यत लावतो आहे, आणि पोते उतरवून ठेवायला जागा नाही. साखळीतली आणि टायरमधली गळती, तसेच थोडीफार हवा वजा करून गणित मांडले, तर माझा वेग ताशी सुमारे ११.४ किलोमीटर येतो आणि काकांचा १२.६. माथ्यावर पोहोचायला मला साडेदहा मिनिटे लागतात आणि काकांना साडेनऊ. दहा मिनिटांपुरती माणसाला तासाभराच्या शक्तीपेक्षा थोडी जास्तही देता येते, हे खरे. पण ती काकांनाही देता येते.

त्या एका मिनिटात काका वर पोहोचून पाणी पितात, चष्मा पुसतात आणि मी दिसताच घड्याळाकडे न पाहण्याचा सभ्यपणा दाखवतात.

इथे एक बारीक गोष्ट माझ्या बाजूची आहे आणि ती मी काकांना वारंवार ऐकवतो. भागाकार नुसत्या शरीराच्या वजनाने केला तर काका माझ्यापेक्षा वीस टक्के सरस ठरतात, पण चढावर वेगात ते दहा-अकरा टक्केच पुढे असतात. कारण चढताना सायकलही वर न्यावी लागते, आणि सायकलीसकट बारा किलोंचे सामान ५६ किलोंच्या माणसाला जितके जड, तितके ८४ किलोंच्या माणसाला नसते. एकूण वजनाने भागले तर मी २.१९ आणि काका २.४७. वीस टक्क्यांतला साधारण तिसरा हिस्सा सायकलींनीच खाल्ला, थोडा हवेने. एकूण वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक वॅट दिला, तर काहीही वाया न जाता तासाला सुमारे ३६७ मीटर उंची चढता येते, हा शुद्ध गुरुत्वाकर्षणाचा हिशेब आहे, माझ्या २.१९ ला त्याप्रमाणे आठशे मीटर मिळायला हवेत, प्रत्यक्षात सहाशे ऐंशीच मिळतात. बाकीचे हवा, टायर आणि साखळी यांनी वाटून घेतले.

साहजिकच वजन कमी करण्याचे उपाय सुरू झाले, आणि माणूस प्रथम स्वतः सोडून सगळ्याचे वजन कमी करायला निघतो. आमच्या ग्रुपमधला एक तरुण चढाच्या पायथ्याशी बाटलीतले पाणी ओतून देतो. पाऊण लिटर पाणी म्हणजे पाऊण किलो, आणि माझ्या साडेदहा मिनिटांत त्याने जेमतेम पाच सेकंद वाचतात; मे महिन्यातल्या नवी मुंबईच्या दमट सकाळी ती बाटली नसेल तर किती वॅट घामावाटे जातील, हे पाहता हा सौदा मला पटलेला नाही. दोन किलोंनी हलकी कार्बनची सायकल घेतली तर बारा-तेरा सेकंद वाचतील. मी हा आकडा घरी सांगितला, तेव्हा पत्नीने शांतपणे विचारले, "अहो, लाखाला किती सेकंद पडतात?" तिला वॅट पर किलोमध्ये रस नसला तरी भागाकार उत्तम येतो. शिवाय आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या नियमाने शर्यतीतल्या सायकलचे वजन ६.८ किलोंपेक्षा कमी असून चालत नाही, तेव्हा या वाटेला शेवट आहे. माझ्या पोटातून चार किलो गेले, आणि वॅट जागच्या जागी राहिले, तर मात्र सुमारे चोवीस सेकंद मिळतात, तेही फुकट. वॅट जागच्या जागी राहणे ही त्यातली अवघड अट आहे, कारण उपाशी राहून वजन उतरवले तर पायांचे बळही त्याच वाटेने जाते आणि भागाकार होता तिथेच राहतो.

वजनाचा आकडाच खोटा भरण्याचा मार्गही आहे. ग्रुपमधल्या एका सभासदाने सायकलफेऱ्या नोंदवणाऱ्या ॲपमध्ये आपले लग्नाच्या वेळचे वजन भरून ठेवले आहे. त्याच्याकडे पॉवर मीटर नाही, त्यामुळे ॲप त्याची शक्ती चढावरच्या वेगावरून आणि त्याने सांगितलेल्या वजनावरून अंदाजाने काढते. वजन कमी सांगितले की अंदाजाचे वॅटही जवळपास त्याच प्रमाणात कमी येतात आणि वॅट पर किलो जिथल्या तिथे राहतो, त्यामुळे बिचाऱ्याची लबाडी पूर्ण वाया जाते. दिवाणखान्यात सायकल जागेवरच चालवायच्या ट्रेनर नावाच्या यंत्रावर, जिथे वॅट खरे मोजले जातात आणि पडद्यावरचा डोंगर सांगितलेल्या वजनावर विश्वास ठेवतो, तिथे मात्र हीच लबाडी फळते, आणि म्हणून तिथल्या शर्यती जिंकणारे काही वीर पारसिकवर माझ्याही मागे दिसतात.

माझ्यासारख्यांना दिलासा म्हणून मी मिगेल इंदुराइन यांचे नाव घेतो. सुमारे ऐंशी किलोंच्या या गृहस्थाने १९९१ ते १९९५ सलग पाच वेळा टूर द फ्रान्स जिंकली, डोंगरांसकट. काकांनी यावर विचारले की त्यांचे वॅट किती होते. जड माणसाला चढता येतच नाही असे नाही, फक्त त्याला प्रत्येक जास्तीच्या किलोचे भाडे वॅटमध्ये भरावे लागते, आणि इंदुराइन यांच्याकडे ते भरायला होते.

खरी परीक्षा चढ दहा टक्क्यांवर जातो त्या तुकड्यात होते, आणि तिथे प्रश्न काकांचा उरत नाही, माझ्या गुडघ्यांचा असतो. तिथे २१० वॅटवर माझा वेग ताशी सव्वासात किलोमीटर होतो. माझ्या सायकलचा सर्वांत हलका गिअर पुढे ३४ दात आणि मागे २८ दात असा होता, त्यात या वेगाला पेडल मिनिटाला अठ्ठेचाळीस फेरे घेते, म्हणजे प्रत्येक फेरा जिना चढल्यासारखा मोजून घ्यावा लागतो. नेहमीच्या सत्तर फेऱ्यांनी पाय चालवायचे म्हटले तर त्या गिअरमध्ये ३१० वॅट लागतात, म्हणजे ३.७ वॅट पर किलो, आणि ते मी दोन-तीन मिनिटे देऊ शकतो, त्यानंतर मी फक्त कठड्याला धरून शेजारच्या झाडांची ओळख करून घेऊ शकतो. पडद्यावर वॅट २१० वरून ३०० वर उडालेले किंवा पेडलचे फेरे पन्नासच्या खाली, यांतले काहीही दिसले की पाय कमजोर आहेत असा निष्कर्ष न काढता मागचे दात मोजावेत.

त्यामुळे कार्बनचे स्वप्न बाजूला ठेवून मी मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, म्हणजे कॅसेट, ३४ दातांपर्यंतची बसवून घेतली. सायकल दुकानातल्या मुलाने आधीच बजावले होते, "काका, नुसती कॅसेट बदलून भागणार नाही, गिअर बदलणारा डिरेलर लांब पिंजऱ्याचा लागेल आणि साखळीही वाढवावी लागेल." मलाही आता कोणीतरी काका म्हणते, याची नोंद घेऊन मी पैसे दिले. त्याच दहा टक्क्यांवर त्याच २१० वॅटना पेडल आता मिनिटाला अठ्ठावन्न फेरे घेते आणि गुडघे रविवारी दुपारी बोलायच्या मनःस्थितीत असतात. वेग मात्र तोच आहे, कारण गिअर वॅट तयार करत नाही, असलेले वॅट सोयीस्कर हप्त्यांत भरू देतो. काका अजूनही मिनिटभर आधी पोहोचतात. नवी कॅसेट जुनीपेक्षा शंभरेक ग्रॅमने जड आहे, त्यामुळे आता त्यात अर्ध्या सेकंदाची भर पडली असावी, आणि ती मी काकांना सांगितलेली नाही.