वजन उचलल्याने उंची खुंटते?

"पोरगा पंधराचा आहे. आत्ताच जिमला घातला तर उंची खुंटेल."

नाही खुंटणार. या भीतीचं मूळ हाडांच्या टोकांजवळच्या वाढीच्या कूर्चेत, म्हणजे हाड जिथून लांबीला वाढतं त्या थरात आहे. ती मऊ असते आणि तिला जबर इजा झाली, तर त्या हाडाची वाढ बिघडू शकते, एवढं खरं. पण अशा इजा जास्त करून पडल्या-आपटल्याने होतात. जिममध्ये झाल्याच, तर कुणी लक्ष द्यायला नसताना, न झेपणारं वजन डोक्यावर नेताना. (मित्रांची पैज असतेच!)

म्हणून स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन मारायची बैठक, आधी नुसती काठी खांद्यावर घेऊन शिकावा. पंधरा वेळा नीट जमला, की थोडं वजन. पाठ वाकली किंवा गुडघे आत वळले, तर वजन उतरवा. सांध्यालगत हाड दाबल्यावर दुखलं, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा.