'कारणं सांगू नका' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

"लेख वाचला. शिफ्टची कारणं सांगणं सोपं असतं. ज्याला उठायचंय तो रात्रपाळीतही पहाटेचा नेम पाळतो. काळे पडदे, गॉगल हे कामगाराला न परवडणारे चोचले आहेत. आणि नाईट अलाउन्सबद्दल अवाक्षरही नाही."

नमस्कार. पाळ्यांच्या कामात झोप आणि नेम कसा सांभाळायचा यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही हे लिहिलंत. पडद्यांचं म्हणणं मान्य. जुनी गडद चादर दुहेरी करून खिडकीला ठोकली तरी भागतं, लेखात तशी दुरुस्ती केली आहे. अलाउन्स हा वेगळा विषय आहे.

पण 'कारणं'? हा शब्द मला लागला. पहाटे चारला कुणाचा डोळा लागला की आमचा सुपरवायझर अगदी याच सुरात बोलायचा. चाकणला एका कारखान्यात मी 11 वर्षं तीन पाळ्यांत मशीन चालवलं. तुम्ही एक तरी रात्रपाळी केली आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

नेम मीही पाळून पाहिला. सातला सुटायचो, आठला घरी. मग हट्टानं सूर्यनमस्कार, अंघोळ, पूजा. अकराला पडायचो आणि एकला गल्लीतल्या आवाजानं जाग यायची. चौथ्या रात्री जॉब उलटा लावला, इन्सर्ट तुटलं. जिद्द तेव्हाही होतीच. पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं आणि झोप सगळ्यात जड. ही वेळ ठरवणारं शरीरातलं घड्याळ डोळ्यात शिरणाऱ्या उजेडावर चालतं आणि दिवसाला साधारण तासभरच सरकतं. आठवड्यानं पाळी बदलली की ते कुठेच पोचत नाही. त्यात घरी येतानाचं ऊन त्याला सांगतं, दिवस उजाडला, जागा हो. तिथे निश्चय काय करणार?

म्हणून मी नेम भिंतीवरच्या घड्याळावरून काढून पंचिंगला, म्हणजे पाळी सुटण्याच्या वेळेला बांधला. शेवटचा चहा रात्री दोनला, कारण चहातलं निम्मं कॅफिन पाचेक तासांनीही अंगात असतं. सुटल्यावर कंपनीच्या बसमध्ये गॉगल आणि टोपी. (बाइकवर डोळे जड असतील तर गॉगल नकोच.) साडेआठला थेट झोप. व्यायाम, अंघोळ, पूजा दोनला उठल्यावर. रात्री आठ ते साडेनऊ पुन्हा एक डुलकी, आणि उठून अर्धा तास तरी हातात ठेवायचा, कारण डोकं लगेच चालत नाही.

उरलेले दोन आठवडे सोपे आहेत. फर्स्ट पाळीला रात्री दहा ते साडेपाच झोप, सेकंडला साडेबारा ते आठ. साडेबारा ते साडेपाच हे पाच तास दोन्हींत आहेत, तेवढे कशालाही द्यायचे नाहीत. सेकंडहून आल्यावर टीव्ही लावला की तेच आधी जातात. पाळ्या मात्र फर्स्ट, सेकंड, नाईट अशा पुढे सरकायला हव्यात. उलट्या फिरत असतील तर माझी ही आखणीही लंगडी पडते, तिथे युनियननं वेळापत्रकावरच बोलायला हवं.

आणि चोचल्यांचं म्हणाल, तर सगळ्यात जास्त उपयोग फुकटच्या गोष्टीचा झाला. बायकोनं दारावर कागद चिकटवला, 'झोपलेत, दोननंतर या'. तेव्हापासून बेल वाजायची थांबली.