कर्तरी, कर्मणी आणि आई

आमच्या घरात इंग्रजी पुस्तकं फाउंटनच्या फुटपाथवरून येतात आणि मराठी पुस्तकं मुलुंडच्या वाचनालयातून. पहिलं खातं माझं, दुसरं आईचं. एखादी कादंबरी दोन्ही भाषांत मिळत असेल तर कुठली वाचावी, हा प्रश्न फक्त मला पडतो. आईला पडत नाही. "मराठीत आहे ना? मग झालं," एवढंच तिचं धोरण. माझं धोरण जरा वरच्या पट्टीतलं: मूळ ते मूळ. अनुवाद म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास, असं काहीतरी मी कॉलेजात कुणाच्या तरी तोंडून ऐकलं, आणि तेव्हापासून ते स्वतःचं म्हणून खपवत आहे.

गेल्या पावसाळ्यात फाउंटनला दीडशे रुपयांत एक इंग्रजी रहस्यकादंबरी मिळाली. तिचं नाव सांगणार नाही. का, ते कळेलच. निवेदन प्रथमपुरुषी. एक माणूस भर पावसात रात्रीच्या गाडीने एका खेड्यात उतरतं, चिंब अंगाने एका जुन्या घराचं दार वाजवतं, आणि सकाळी त्या घरात प्रेत सापडतं. गोष्ट सांगणारं हे 'मी' बाई की बुवा, ते लेखकाने शेवटच्या प्रकरणापर्यंत कळू दिलेलं नाही, आणि सगळं रहस्य त्याच खुंटीला टांगलेलं. इंग्रजीतलं 'आय' एकाच अक्षराचं. त्याला ना शेंडी ना वेणी. ही गंमत मला चौदाव्या प्रकरणात उमगली, आणि त्या नादात घाटकोपर कधी गेलं ते कळलं नाही.

घरी येऊन आईला एवढंच सांगितलं की पुस्तक झकास आहे. दुसऱ्या दिवशी तिने वाचनालयातून त्याचा मराठी अनुवाद आणला. त्याच संध्याकाळी आम्ही मेथी निवडायला घेतली, तेव्हा ती म्हणाली, "या पोरीचं काही खरं नाही."

"कुठल्या पोरीचं?"

"गोष्ट सांगतेय ना, तिचं."

माझ्या हातातली काडी हातातच राहिली. "ती मुलगी आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? पहिलंच वाक्य आहे. 'मी गाडीतून उतरले तेव्हा पाऊस कोसळत होता.' पुरुष असता तर उतरलो नसता का?"

तीनशे पानं जपलेलं गुपित, आणि फुटलं एका कान्यावर. 'उतरले' आणि 'उतरलो' यांत फरक तेवढाच. वर आईने आणखी एक बॉम्ब टाकला. "तो म्हातारा तिचा मामा आहे, म्हणजे घर आईकडचं. तिच्या नावावर होणार ते, बघ." माझ्या पुस्तकात तो म्हातारा नुसता 'अंकल' आहे आणि तो आईकडचा की वडिलांकडचा, हे बाराव्या प्रकरणात मृत्युपत्र उघडल्यावर कळतं. मराठीत 'अंकल' लिहून भागत नाही. काका, मामा, आत्याचा नवरा, मावशीचा नवरा, काहीतरी एक नातं धरावंच लागतं. अनुवादकाने बिचाऱ्याने पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं, म्हणून त्याने बरोबर धरलं. चुकीचं धरलं असतं तर निदान माझं रहस्य वाचलं असतं.

संताप आला. एवढं साधं त्याला जमू नये? लपवायचं म्हटलं तर मराठीतही लपवता येईलच, असं मनाशी ठरवून दुसऱ्या दिवसापासून गाडीत वही आणि पेन्सिल काढली. आधार शाळेतल्या व्याकरणाचा. कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्याच्या मागे जातं, म्हणून 'मी आलो', 'मी आले'. कर्मणी प्रयोगात ते कर्माच्या मागे जातं. 'मी दार उघडलं' यात 'उघडलं' हे दाराचं लिंग सांगतं, माझं नाही. म्हणजे निवेदकाला येणं, जाणं, बसणं, झोपणं बंद करायचं आणि दिवसभर कशावर तरी काहीतरी करत ठेवायचं. फारच सोपं वाटलं मला.

'मी गाडीतून उतरले' याचं केलं 'मी फलाटावर पाऊल टाकलं'. वा! 'मी छत्री विसरले' इथे पहिली ठेच लागली. विसरण्याला कर्म आहे, छत्री समोर दिसत आहे, तरी क्रियापद कर्त्यालाच चिकटून. पिणं आणि शिकणं ही त्याच टोळीतली. म्हणून 'छत्री घरीच राहिली होती'. 'मी अर्धा मैल चालत गेले' याचं 'मी अर्धा मैल तुडवला'. 'मी आत गेले' याचं 'मी उंबरा ओलांडला'. 'मी चहा प्याले' याचा 'मी चहा घेतला'. 'मी घाबरले' याचं 'पोटात गोळा आला'. मग आलं 'मी एकटी होते'. तिथे दोन्ही पाय अडकले, कारण 'एकटा-एकटी' हे विशेषणही चुगलखोर आणि 'होतो-होते' हे क्रियापदही. त्याचं केलं 'सोबतीला कुणी नव्हतं'.

संवादांत जीव भांड्यात पडला. 'मी म्हणालो', 'मी म्हणाले' यांनी प्रत्येक पानावर दहादा घात केला असता, पण आपल्याकडे 'मी म्हटलं' आहे, ते दोघांनाही चालतं. वर्तमानकाळातला नकार सुरक्षित: 'मी जात नाही' कुणीही म्हणावं. भविष्यकाळ सुरक्षित: 'मी जाईन'. रीतिभूतकाळ तर अगदीच सुरक्षित: 'मी रोज नदीवर जाई, तिथे बसे'. फक्त त्यात निवेदक खुनाचा साक्षीदार न वाटता शंभर वर्षांपूर्वीचा हेडमास्तर वाटतो. 'आम्ही'सुद्धा चालेल, कारण 'आम्ही गेलो' बायकाही म्हणतात. पण 'आम्ही प्रेत पाहिले आणि आम्ही खाली बसलो' म्हटलं की डोक्यावर मंदिल आणि मागे चवऱ्या ढाळणारे दोघे दिसायला लागतात.

पहिलं पान पुरं व्हायला मुलुंड ते सीएसटी अशा चार फेऱ्या लागल्या. ते सलग वाचलं आणि मी वही मिटली. त्यात कुणी साधं येत नव्हतं की जात नव्हतं. निवेदकाला भूक लागे, झोप लागे, रडू येई, पायपीट होई. माणूस कुठे दिसतच नव्हता, नुसती लक्षणं. दवाखान्यातला केसपेपर वाचावा तसं. असं एक पान निभतं. तिसऱ्या पानावर वाचकाच्या लक्षात येणारच की हे कुणीतरी मुद्दाम अंग चोरून बोलत आहे, आणि अंग चोरणाऱ्यावर त्याची नजर खिळणारच. इंग्रजीत हेच गुपित कुणालाही न दिसता उघड्यावर पडून असतं. अनुवादकासमोर दोनच वाटा होत्या: गुपित फोडायचं किंवा भाषा मोडायची. त्याने वाचकाला वाचेल असं मराठी दिलं. त्याच्यावरचा माझा राग दादर यायच्या आत उतरला.

भाची फ्रेंच शिकते. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, हा खेळ फ्रेंचमध्ये 1986 सालीच होऊन गेलाय. अ‍ॅन गारेता यांची 'स्फिंक्स' ही प्रेमकथा. त्यात निवेदक आणि त्याचं प्रेमपात्र, दोघांचंही लिंग कळू दिलेलं नाही. फ्रेंचमध्येही 'मी गेलो-गेले' लिहिताना एका अक्षराचा फरक पडतो, म्हणून बाईंनी ते अक्षर लागणारच नाही असा पुस्तकी भूतकाळ योजला. पण 2015 मध्ये एमा रमादान यांनी त्याचं इंग्रजी केलं तेव्हा घोडं भलत्याच जागी अडलं. फ्रेंचमध्ये 'त्याचा हात' आणि 'तिचा हात' याला एकच शब्द, कारण तो हाताचं लिंग सांगतो. इंग्रजीत मात्र हात कुणाचा ते सांगावंच लागतं. आपली मराठी या दोघींच्या वरताण. 'तिचा हात' म्हटलं की बाईही सांगून झाली आणि हातही.

उलट्या दिशेलाही हेच. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'मध्ये (मराठी 2006, जेरी पिंटो यांचं इंग्रजी 2013) भाऊ आणि बहीण एकाच पुरुषाच्या प्रेमात पडतात, आणि आधी तो, मग ती, आपापली बाजू सांगतात. मराठीत त्या भावाने 'मी'ला एक कर्तरी क्रियापद जोडलं की बोलणारा मुलगा आहे हे ठरून जातं. इंग्रजीत तेवढ्यावरून काहीच ठरत नाही, आणि पुरुषासाठी झुरणारा जीव मुलीचाच असणार, असं धरून बसलेला वाचक काही वेळ तसाच बसू शकतो. तिथे मूळ मराठीच वाचावं, असं मी छातीठोक सांगेन. मामा, आत्या, तू, तुम्ही यांवर चालणारी कुठलीही गोष्ट असेल तरी तेच. रहस्यकथेत 'मी' बोलत असेल तर मात्र मूळ इंग्रजी. हल्ली दुकानात मी आधी पहिलं पान उघडून 'मी' शोधते-शोधतो (वाचकाने आपल्या सोयीने घ्यावं).

हे सगळं आईला ऐकवत असतानाच बेल वाजली.

"कोण?" आईने आतूनच विचारलं.

"मी आलो ओ!"

शेजारच्या वहिनी. माहेर कोल्हापूर. मुंबईत वीस वर्षं काढूनही त्या 'मी आलो', 'मी जातो'च म्हणतात. विरजणाला दही घेऊन त्या गेल्यावर आई म्हणाली, "एवढं डोकं कशाला शिणवायचं? ती पोरगी कोल्हापूरची दाखवायची. आपोआप लपलं."

कल्पना नामी होती. फक्त इंग्लंडातल्या त्या पडक्या घराच्या दारात रात्री बारा वाजता कुणीतरी 'आलो की ओ' म्हणणार, आणि पुण्या-मुंबईचा वाचक तो पुरुषच समजणार. म्हणजे गुपित लपलं नाही, उलटं झालं. रहस्यकथेच्या दृष्टीने ते वाईटही नाही म्हणा.

काल हा लेख आईला वाचायला दिला. चष्मा नाकावर ओढून तिने तो सावकाश वाचला.

"बरा झालाय. पण मधल्या त्या कंसापाशी चोरी पकडली मी. सगळंच असं अवघडून का लिहिलंयस? केलं, दिलं, ऐकलं, वाटलं. लोकांना कळायला नको का की हे लिहिणारं आमचं..."

मी पटकन तिच्या हातातून कागद काढून घेतले.