ॲप काढले, करार राहिला

“ॲप फोनमधून काढून टाकलं, तरी वर्षाचे 1,499 रुपये कापले. तुमच्या जर्मनीत असं चालतं का, दादा? इथे त्या अटी वाचून उपयोग तरी काय?”

मुलुंडच्या मामेभावाने घरच्या ग्रुपवर लिहिलेले हे शेवटचे वाक्य मला बोचले. मी त्याच्याकडून व्यायामाच्या त्या ॲपच्या अटी मागवल्या आणि म्युनिकमध्ये रात्री जागून वाचल्या. उपयोगाचे सगळे तिथेच होते. सात दिवसांची मोफत चाचणी 3 जूनला सुरू झाली होती. ती संपण्याच्या किमान 24 तास आधी, ‘खाते’ या पानावर जाऊन सदस्यत्व रद्द न केल्यास वार्षिक रक्कम आपोआप आकारली जाईल, असे त्यांत स्वच्छ लिहिले होते. म्हणजे त्याला 9 जूनपूर्वीच हालचाल करायला हवी होती. त्याने 5 जूनला ॲप काढले, पण त्यामुळे फोनमधली जागा तेवढी मोकळी झाली. कंपनीशी झालेला करार तसाच राहिला आणि यूपीआयवर दिलेली ऑटोपेची परवानगीही.

आमची धाकटी बहीण मुंबईत बँकेत आहे. तिने एवढेच विचारले, “कापण्याआधी मेसेज आला होता का?” रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी वसुली होण्याच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना जावी लागते आणि ती वसुली नाकारण्याची सोयही द्यावी लागते. मात्र 15,000 रुपयांपर्यंतच्या पुढच्या वसुल्यांना पुन्हा पिन लागत नाही, म्हणून ती सूचना हीच शेवटची पायरी ठरते. मेसेज आला होता, पण जाहिरातींच्या गर्दीत त्याने तो उघडलाच नव्हता.

भाच्याचे म्हणणे असे, की यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपे बंद केले की विषय संपला. ते अर्धेच खरे आहे. त्याने पैसे जाणे थांबते, पण करार वर्षभराचा आणि हप्ते महिन्याचे असतील, तर उरलेल्या महिन्यांची रक्कम कंपनी मागू शकते. शिवाय सदस्यत्व जिथून घेतले, तिथूनच ते रद्द करावे लागते. प्ले स्टोअरमधून घेतले असेल तर प्ले स्टोअरमध्ये आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतले असेल तर तिथे. रद्द केल्याची ईमेल हाती येईपर्यंत ते झाले असे मानू नये. मावशीने मध्येच आपल्या पेपरवाल्याची गोष्ट काढली. गावी जाताना तोंडी सांगितले की तो पेपर बंद करतो, मग यांना का जमू नये? तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

इथे संकेतस्थळावर ‘Verträge hier kündigen’, म्हणजे ‘करार इथे रद्द करा’, असे बटण ठेवणे 1 जुलै 2022 पासून बंधनकारक आहे, हे मी ग्रुपवर जरा ताठ्यानेच लिहिले. भारतातही सदस्यत्वाच्या सापळ्याला 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अनुचित ठरवले आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करता येते, हे बहिणीने तितक्याच शांतपणे लिहिले. मग मला माझे 2020 साल सांगावे लागले. इथल्या एका ऑनलाइन भाषावर्गाचा माझा वार्षिक करार 30 एप्रिलला संपत होता आणि तीन महिने आधी, म्हणजे जानेवारीअखेर कळवण्याची अट होती. मी मार्चमध्ये पत्र पाठवले आणि आणखी एक वर्षाचे पैसे भरले, कारण त्या काळी इथल्या कायद्यातही ते बसत होते. जर्मन अटी मला वाचता येत नव्हत्या, हे मी तेव्हा घरी कोणालाही कळू दिले नाही.

मामेभावाने त्या ॲपमध्ये वजन आणि साखरेचे आकडे भरले आहेत. सदस्यत्व संपले तरी खाते राहते आणि ‘सेवा सुधारण्यासाठी’ माहिती ठेवण्याची मुभा त्याने स्वतःच दिलेली आहे. इथे मी माहितीची प्रत मागितली, तर साधारणपणे महिन्याभरात उत्तर द्यावे लागते. तिकडे भारतात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा म्हणतो, की संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. पण त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि कंपन्यांच्या बहुतेक जबाबदाऱ्यांना त्यानंतर 18 महिन्यांची मुदत आहे. तरीही खाते आणि माहिती दोन्ही पुसा, असे त्याने आजच लेखी मागावे, असे मला वाटते. पैसे परत मिळतील का, हे मला सांगता येणार नाही. त्याने कंपनीला लिहिले आहे आणि उत्तराची वाट पाहतो आहे.

माझ्या दादरच्या बँकखात्यातून एका मराठी दैनिकाच्या ई-आवृत्तीचे पैसे दर महिन्याला जातात. आदल्या दिवशी सूचना येते, रद्द कुठे करायचे तेही मला ठाऊक आहे. गेले कित्येक महिने मी तो अंक उघडलेला नाही आणि ती परवानगी मी चालूच ठेवली आहे.