३८ स्लिपा आणि एकही काम नाही? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

वेगवेगळ्या धंद्यातली माणसं दर आठवड्याला भेटून एकमेकांना गिऱ्हाईकं सुचवतात, त्या रेफरल ग्रुपवर मी लेख लिहिला होता. सुचवलेल्या गिऱ्हाईकाचं नाव-नंबर तिथे स्लिपवर लिहून देतात. त्या लेखावर 'स्पष्टवक्ता' यांची प्रतिक्रिया:

"लेख वाचला. हे रेफरल ग्रुप म्हणजे अमेरिकन फॅड, पहाटे उठून एकमेकांची पाठ खाजवायची. मी वर्षभर होतो, पेस्ट कंट्रोलच्या सीटवर. ३८ स्लिपा मिळाल्या, त्यातून एकही काम झालं नाही. वर नाश्त्याचा खर्च वेगळा, तो तुम्ही सोयीस्करपणे लिहिला नाहीत. तुमच्यासारखे लोक असे लेख लिहितात आणि नवीन पोरं पैसे घालवतात."

नमस्कार.

आधी नाश्त्याचं. बरोबर आहे तुमचं, वार्षिक फी आणि दर आठवड्याचा मीटिंगचा खर्च वेगळा असतो, माझ्या लेखात ते एकत्र वाटत होतं, वाक्य बदललंय. पण 'सोयीस्करपणे' हा शब्द कशाला? चूक दाखवायची असेल तर चूक दाखवा ना. मी लेख लिहिण्याचे कुणाकडून पैसे घेत नाही, कुठल्या ग्रुपचा पदाधिकारी नाही, आणि 'तुमच्यासारखे लोक' म्हणण्याइतकी आपली ओळखही नाही. सतरा वर्षं परळमधून वॉटरप्रूफिंगची कामं घेतोय, त्यातली नऊ वर्षं दर बुधवारी सकाळी सव्वासातला मीटिंगला बसतोय, पावसात गाड्या बंद होत्या तेव्हाही गेलोय. माझ्या अनुभवाला फॅड म्हणण्याआधी एवढं तरी विचारायचं होतं.

अमेरिकेचं म्हणाल तर हो, इव्हान मिस्नर यांनी १९८५ मधे कॅलिफोर्नियात बीएनआय ही अशा रेफरल ग्रुपांची संस्था सुरू केली, एका ग्रुपमधे एका धंद्याचा एकच माणूस ही पद्धत त्यांच्यामुळे जगभर गेली. आपल्याकडे माधवराव भिडे यांनी मराठी उद्योजकांसाठी सॅटर्डे क्लब उभा केला. कुठून आलं यावर मी वेळ घालवणार नाही, लिफ्टही आपण शोधली नव्हती.

आता तुमच्या ३८ स्लिपा. तुमच्या अख्ख्या प्रतिक्रियेत कामाचं वाक्य हे एकच आहे, म्हणून त्याच्यावरच बोलतो.

स्लिप हातात आली की तुम्ही देणाऱ्याला काय विचारायचात? मी तीन गोष्टी विचारतो. मी फोन करणार हे समोरच्याला माहितीये का? त्याने स्वतःच्या तोंडाने काय अडचण सांगितली? आणि त्याला ठरवायचंय कधी? पहिल्याच प्रश्नाला "नाही, तू माझं नाव सांग ना" असं उत्तर आलं तर ती स्लिप रेफरल नाहीच, तो नुसता नंबर आहे. याला ग्रुपमधे लीड म्हणतात. लीड आणि रेफरल यातला फरक नव्या मेंबरला पहिल्याच ट्रेनिंगमधे शिकवतात आणि दुसऱ्या आठवड्यापासून सगळे विसरतात, कारण मीटिंगमधे स्लिपांची संख्या मोजली जाते आणि रिकाम्या हाताने उभं राहायला लाज वाटते. मग मंगळवारी रात्री मोबाईल चाळून मेव्हण्याचा नंबर लिहून आणतात. हे होतं, मी नाकारत नाहीये. पण अशी स्लिप हसून खिशात घालणारा माणूसही तेवढाच जबाबदार आहे. मी ती परत करतो, शांतपणे, "साहेब, आधी तुम्ही एकदा बोला त्यांच्याशी, ते हो म्हणाले की मी त्याच दिवशी फोन करतो". सुरुवातीला लोकांना राग यायचा. सहा महिन्यांनी मला स्लिपा निम्म्या मिळायला लागल्या आणि कामं वाढली. तुम्ही ३८ पैकी किती परत केल्यात? एकही नसणार, नाहीतर आकडा ३८ झाला नसता.

दुसरं, मीटिंगमधे प्रत्येकाला आपल्याला कसं गिऱ्हाईक हवंय ते सांगायला मिळतं, त्या एका मिनिटात तुम्ही दर आठवड्याला काय मागत होतात? माझा अंदाज, "कुणालाही पेस्ट कंट्रोल हवं असेल तर सांगा". मी पण पहिलं वर्ष हेच केलं, "कुणाकडे गळती असेल तर", आणि मुंबईत कुणाकडे गळती नाही? पण 'कुणीही' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर कुणीच येत नाही. त्याला चेहरा आठवला पाहिजे. "मुलुंड-भांडुपमधली तीस वर्षांवरची सोसायटी, जिचं स्ट्रक्चरल ऑडिट नुकतंच झालंय, तिच्या सेक्रेटरीशी ओळख करून द्या" असं म्हटलं की चाळीस जणांच्या खोलीत दोघं तरी मान वर करतात.

एक काम पूर्ण सांगतो म्हणजे मी हवेत बोलत नाहीये हे कळेल.

२०१८ चा जानेवारी. आमच्या ग्रुपमधे सोसायट्यांचे हिशोब लिहिणारे एक काका होते, वीसेक सोसायट्या त्यांच्याकडे. दोन वर्षं आम्ही एकाच टेबलवर इडली खाल्ली आणि त्यांच्याकडून मला एक काम आलं नव्हतं. मग मी त्यांच्याबरोबर माटुंग्याला एका उडपी हॉटेलात तासभर बसलो, ज्याला वन-टू-वन म्हणतात ते. माझं ब्रोशर नेलं नव्हतं. फक्त एवढंच विचारलं, काका, तुम्ही व्हाउचर लावता तेव्हा तुम्हाला काय काय दिसतं? आणि मग मला काय शोधायचंय ते सांगितलं: दर मे महिन्यात ताडपत्रीचं बिल, जून-जुलैत 'वरच्या मजल्याची गळती दुरुस्ती' म्हणून पाच-सात हजारांची किरकोळ बिलं, सलग तीन वर्षं. अशी सोसायटी म्हणजे गच्ची गेलेली आहे आणि कमिटी दरवर्षी ठिगळ लावतेय. काका म्हणाले, अरे, अशा तर माझ्याकडे चार आहेत. दोन वर्षं ती बिलं त्यांच्या हातातून जात होती, त्यात माझं काम आहे हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

त्यांनी मला एकही कागद दाखवला नाही, दाखवायलाही नको होता, गिऱ्हाईकाचे हिशोब आहेत ते. ते आधी मुलुंडच्या सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलले, की दरवर्षी ताडपत्रीवर खर्च करताय, आमच्या ओळखीचा एक जण आहे, गच्ची बघून सांगेल, त्याला फोन करायला सांगू का? ते हो म्हणाले. मग बुधवारी स्लिप. आणि स्लिपबरोबर चार वाक्यं: इमारत १९८६ ची, सात मजले, सेक्रेटरी बँकेत आहेत तेव्हा फोन रात्री आठनंतर, तीन कोटेशन लागणार, आणि निर्णय एप्रिलच्या जनरल बॉडीत होणार. रेफरल हे असं असतं. मी त्याच रात्री सव्वाआठला फोन केला, रविवारी गच्चीवर होतो.

विटांचे बांध घालून पाणी भरलं, ४८ तास ठेवलं. गळती सगळ्या गच्चीतून नव्हतीच, पावसाच्या पाइपच्या तोंडाशी आणि कठड्याच्या सांध्यात होती, पण कोबा पोकळ वाजत होता म्हणून पूर्ण काढायलाच लागला. ३,२०० चौरस फूट, १४५ रुपयांनी, म्हणजे ४ लाख ६४ हजार, जीएसटी वेगळा. माझं कोटेशन तिघात सगळ्यात कमी नव्हतं. एप्रिलमधे पास झालं, जूनच्या पहिल्या आठवड्यात काम पुरं. आणि या सगळ्या काळात मी काकांना पाच वेळा सांगितलं, फोन झाला, गच्ची बघितली, कोटेशन दिलं, पास झालं, काम संपलं. कारण सोसायटीत त्यांचा शब्द अडकलेला होता. मीटिंगमधे मिळालेल्या कामाची रक्कम लिहून देतात ती आभाराची स्लिप मी पैसे बँकेत आल्यावर भरली, कोटेशनच्या दिवशी नाही, आणि रक्कम जीएसटी सोडून लिहिली. कमिशन दिलं नाही, आमच्या ग्रुपमधे ते चालत नाही आणि चालूही नये. ते सुरू झालं की माणूस चांगला कोण ते बघत नाही, टक्के कोण जास्त देतो ते बघतो. काकांना मी पुढच्या वर्षात दोन सोसायट्या दिल्या, त्याही आधी सेक्रेटरींना विचारूनच.

आता तारखा बघा. वन-टू-वन जानेवारीत, पैसे जूनच्या शेवटी. सहा महिने. त्याआधी ओळख मुरायला दोन वर्षं. तुम्ही एका वर्षात निकाल लावून मोकळे झालात. सोसायटीची वार्षिक कॉन्ट्रॅक्टं तर एकदा गेली की पुढच्या वर्षीच हातात येतात, पेस्ट कंट्रोलवाल्याला हे मी सांगायला हवं का? तुमच्या धंद्यात ताडपत्रीसारखी खूण कुठली, हे तुम्ही किती जणांना सांगितलंत? फर्निचरवाला कपाट उघडतो तेव्हा त्याला वाळवीची माती दिसते. इस्टेट एजंटला भाडेकरू सोडून गेलेली रिकामी खोली दिसते. हॉटेलला परवाने काढून देणाऱ्याला किचनचे कागद दिसतात. ग्रुपमधे हे तिघं सहसा असतातच. त्यांच्याबरोबर चहा प्यायलात का कधी, की बुधवारी आलात, नंबर घेतलेत आणि साडेआठला ठाण्याची गाडी पकडलीत?

थोडं कडक लिहिलं गेलंय, जाणीव आहे. पण रेफरल देताना माणूस स्वतःचं नाव पणाला लावतो हे मी जवळून बघितलंय. एकदा मी एका मेंबरचं काम न बघता, फक्त त्या आठवड्यात स्लिप द्यायची म्हणून त्याला माझ्या चुलतभावाच्या घरचं फर्निचर मिळवून दिलं. त्याने अॅडव्हान्स घेतला आणि चार महिने लोंबकळत ठेवलं. भावाने त्याला काही म्हटलं नाही, मला म्हटलं, आणि अजून म्हणतो. तेव्हापासून ज्याचं एक तरी काम स्वतः डोळ्यांनी बघितलं नाही किंवा ज्याच्या जुन्या गिऱ्हाईकाशी बोललो नाही, त्याला मी रेफरल देत नाही, मग माझा आठवडा कोरा गेला तरी चालेल. मी उभा राहून "आज नाहीये" म्हणतो आणि बसतो.

बाकी पाठ खाजवणं वगैरे सोडून देतो.

ती ३८ नावं तुमच्याकडे अजून असतील तर एक करा. प्रत्येक नावापुढे ते कुणी दिलं ते लिहा, आणि देणाऱ्याने आधी विचारलं होतं का ते. ज्यांच्यापुढे 'हो' येईल तेवढीच तुमची खरी रेफरल, त्यांचं काय झालं ते इथे येऊन सांगा, मी पाच-सहा धरतोय. त्या पाच-सहात काम का नाही झालं यावर आपण नीट बोलू, भाव जास्त होता की फोन उशिरा केलात की अजून काही. फक्त तेव्हा खऱ्या नावाने लिहा, टोपणनावाची पुढची प्रतिक्रिया मी ठेवणार नाही.