दहा किलोमीटर मागे राहण्याची कसरत

पहाटेच्या थंडीत नाशिक ढोल वाजत असताना हळू पळणे हे मनुष्यस्वभावाच्या विरुद्ध आहे, आणि चॅरिटी रनचे आयोजक नेमके ते ढोलपथक सुरुवातीच्या कमानीखालीच उभे करतात. ठोका पडला की शेकडो माणसे अशी सुटतात, जणू देणगीचे पैसे पहिल्याच चौकात वाटले जाणार आहेत. 21.1 किलोमीटरच्या या दौडीत मला पहिले दहा किलोमीटर संयमाने काढायचे असतात, म्हणजे व्यवहारात सगळ्यांना पुढे जाऊ द्यायचे असते. त्यात हातात हात घालून सेल्फी काढणारे ऑफिसचे गट असतात, अनवाणी धावणारी शाळकरी पोरे असतात आणि एखादे फेटा बांधलेले गृहस्थही असतात. फेट्याने मागे टाकलेले विशेष लागते.

माझ्या सासूबाईंनी संस्थेला किलोमीटरमागे शंभर रुपये कबूल केलेले असल्यामुळे वेगाला काडीचीही किंमत नाही, अंतराला आहे. पंधराव्या किलोमीटरला मी रस्त्याच्या कडेला पाय धरून बसलो, तर संस्थेचे सहाशे रुपये बुडतात आणि त्या विषयावर घरी पुढची दिवाळी येईपर्यंत बोलले जाते. म्हणून आमच्या शेजारच्या काकांनी मला कागदावर हिशेब मांडून दिला आहे. दोन तास वीस मिनिटांत दौड संपवायची, तर किलोमीटरला सरासरी 6 मिनिटे 38 सेकंद पडतात. काकांच्या कागदावर मात्र पहिले तीन किलोमीटर सात-सात मिनिटांचे आहेत, पुढचे सात 6 मिनिटे 40 सेकंदांचे आहेत, आणि दहाव्या पाटीला घड्याळात 67 मिनिटे 40 सेकंद दिसली पाहिजेत. उरलेल्या अंतरासाठी 6 मिनिटे 31 सेकंदांचा वेग पुरतो. याउलट जो पहिले तीन किलोमीटर सहा-सहा मिनिटांत उडवतो, तो काकांच्या वेळापत्रकाच्या तीन मिनिटे पुढे असतो. पण शेवटचे पाच किलोमीटर त्याला आठ-आठ मिनिटांनी रेटावे लागले, तर तिथे तो जवळजवळ साडेसात मिनिटे गमावतो. सराफ बाजारात असा व्यवहार करणाऱ्याला दुकानाची पायरी चढू देणार नाहीत.

फसगत होते ती शरीराच्या दिरंगाईमुळे. पाय विश्रांती घेऊन आलेले असतात, हवा गार असते, आणि वेग वाढवला तरी हृदयाचे ठोके व श्वास त्या वेगाला पोहोचायला काही मिनिटे घेतात. त्यामुळे पहिल्या किलोमीटरला जे सहज वाटते, त्याचे बिल नंतर येते. वेग जास्त असला की स्नायूंत साठवलेली साखर झपाट्याने खर्च होते, आणि तो साठा वाटेत मिळणाऱ्या केळ्याने तेवढ्या लवकर भरून निघत नाही. म्हणून सुरुवातीला 'मला काहीच वाटत नाही' हे वेग बरोबर असल्याचे लक्षण मानू नये.

मनगटावरचे घड्याळही इथे पुरते भरवशाचे नसते. त्या-त्या क्षणाचा वेग म्हणून दाखवलेला आकडा झाडांखाली आणि इमारतींमध्ये वरखाली उड्या मारतो, शिवाय गर्दीतून डावीउजवीकडे वाट काढत पळणाऱ्याचे अंतरही विनाकारण वाढते. मी सरळ रेषेत, गर्दीच्या मागे राहतो आणि फक्त किलोमीटरच्या पाटीपाशी वेळ बघतो. गंगापूर रोडने धरणाच्या दिशेने जाताना तर आपण गोदावरीच्या उलट दिशेने जात असतो, म्हणजे एकंदरीत चढ असतो. तिथे पाच-दहा सेकंद जास्त लागले तर ते लागू द्यावेत आणि परतीच्या उतारावर भरून काढावेत.

दोन पाट्यांच्या मध्ये काकांची परीक्षा असते.

"काका, वेग बरोबर आहे का?"

"बोल काहीतरी. पूर्ण वाक्य बोल."

मग मी म्हणतो, "आमच्या सोसायटीची लिफ्ट आठवड्यापासून बंद आहे आणि सेक्रेटरी फोन उचलत नाहीत." हे वाक्य एका दमात संपले तर वेग योग्य आहे, 'लिफ्ट' या शब्दापाशी श्वास घ्यावा लागला तर लगेच पाऊल आखडते घ्यायचे, पुढच्या पाटीची वाट बघायची नाही. जेहान सर्कलच्या आसपास एकदा माझे वाक्य 'आठवड्यापासून'वर अडकले होते, कारण तो फेटा पुन्हा दिसला होता. काकांनी काही न बोलता माझ्या टी-शर्टची बाही धरली.

सोमेश्वरच्या पुढे फेटा हातात आला होता आणि गृहस्थ चालत होते. मी मात्र लिफ्ट संपवून पार्किंग आणि पाण्याच्या टाकीपर्यंत पोहोचलो होतो. दहाव्या पाटीला घड्याळ 67 मिनिटांच्या थोडे पुढे होते, पोटऱ्या मऊ होत्या आणि सेक्रेटरींबद्दल सांगण्यासारखे अजून बरेच शिल्लक होते.

काका म्हणाले, "आता तक्रारी थोड्या आखूड केल्यास तरी चालेल."