ॲनिमेशनच्या वाचनात लेखकाने तोंड उघडू नये

नाटककाराने स्वतः कंपनीसमोर नाटक वाचून दाखवायचं, ही आपल्याकडची जुनी आणि सुंदर रीत. नाटकाला ती शोभते, कारण त्या वाचनानंतर तालमी असतात. अवघडलेलं वाक्य नटाच्या जिभेवर रोज घासलं जातं आणि पहिल्या प्रयोगापर्यंत गुळगुळीत होतं. ॲनिमेशनमध्ये या तालमी नसतात. आपल्याकडे बहुतेक वेळा आवाज आधी ध्वनिमुद्रित होतात आणि त्या आवाजावर चित्रं काढली जातात. (जपानमध्ये बऱ्याचदा उलटं असतं, चित्र आधी आणि आवाज नंतर.) एका सेकंदाला चोवीस फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम वापरलं तरी सेकंदाला बारा चित्रं झाली. म्हणजे चार सेकंदांचं एक निरर्थक वाक्य संहितेत राहिलं, तर कुणीतरी बसून त्याच्यासाठी अठ्ठेचाळीस चित्रांत ओठ हलवत बसणार. वाक्य नंतर बदललं की ती सगळी चित्रं वाया.

म्हणून ॲनिमेशनची संहिता मित्रांना बसवून वाचून घ्यायचीच, पण लेखकाने स्वतः वाचायची नाही, या मताचा मी आहे. लेखकाला प्रत्येक वाक्याची चाल डोक्यात पाठ असते. कुठे थांबायचं, कुठला शब्द उचलायचा हे त्याला माहीत असतं, त्यामुळे तो वाईट वाक्यही छान वाचतो. आणि नेमकं तेच आपल्याला नको असतं. मी तर म्हणेन, चांगले नटसुद्धा पहिल्या वाचनाला नकोत. नट पडकं वाक्य आवाजाने सावरून घेतो. बँकेत काम करणारी मैत्रीण, शेजारचा कॉलेजचा मुलगा, शिवणकाम करणाऱ्या वहिनी अशी मंडळी हवीत. वाक्य चुकलं असेल तर ती अडखळतात. त्यांना संहिता आधी वाचायला देऊ नये. कथा दोन ओळींत सांगावी, कोण कुठलं पात्र आहे ते सांगावं आणि सरळ सुरुवात करावी.

परवा एका मैत्रिणीच्या सात मिनिटांच्या लघुपटाचं असं वाचन आम्ही केलं. तिच्या परवानगीने त्याबद्दल लिहितोय. गोष्ट छोटी आहे. सुमनचं लग्न ठरलंय. पहिली पत्रिका कुलदैवतापुढे ठेवायला आत्या बाळूच्या हातात देते आणि चिंगी नावाची शेळी ती खाऊन टाकते. बाळू दुसरी पत्रिका मिळवायला बाजारातल्या छापखान्यात धावतो, चिंगी त्याच्यामागे.

वाचायला सहाजण होते. तिघांकडे पात्रं, एकीकडे फक्त कंसातली वर्णनं, एकाकडे घड्याळ आणि एकाकडे चिंगीचं बेंबें करणं. मैत्रीण बाजूला पेन्सिल आणि संहिता घेऊन बसली होती. तिला एकच अट होती: कुणी कितीही चुकीचं वाचलं तरी दुरुस्त करायचं नाही. मोबाइल मध्ये ठेवून सगळं ध्वनिमुद्रित केलं. पेन्सिलच्या खुणा तीनच. वाचणारा अडखळला तिथे तिरकी रेघ, त्याचा श्वास संपला तिथे गोल, आणि त्याने नकळत शब्द बदलला तर तो बदललेला शब्द वर लिहायचा.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही तिसरी खूण. संहितेत बाळूचं वाक्य होतं, "मी ती पत्रिका देवासमोर ठेवणार होतो परंतु त्याआधीच चिंगीने ती खाल्ली." वाचणारा मुलगा कागदावर डोळे ठेवून म्हणाला, "मी ठेवणारच होतो देवापुढे, पण चिंगीने खाल्ली ना!" आपण काही बदललं हे त्याला कळलंही नाही. दहा वर्षांच्या घाबरलेल्या पोराच्या तोंडी 'परंतु' बसत नाही, हे समजावून सांगायला मला पाच मिनिटं लागली असती आणि मैत्रिणीला ते पटलंही नसतं. मुलाच्या जिभेने ते एका दमात सांगितलं. नवीन वाक्य तिने जसंच्या तसं उचललं.

अडखळणं मात्र जपून वाचावं लागतं. प्रत्येक अडखळण्याला वाक्य जबाबदार नसतं. ओळीच्या शेवटी शब्द तुटला असेल, किंवा वाचणाऱ्याचं लक्ष क्षणभर उडालं असेल, तरी माणूस थांबतो. म्हणून प्रत्येक प्रसंग दोनदा वाचायचा आणि दुसऱ्या वेळी पात्रं बदलायची. एकच जण अडखळला तर सोडून द्यायचं. दोघे एकाच जागी अडखळले तर वाक्यातच खड्डा आहे. आत्याच्या पहिल्याच वाक्यात तो निघाला: "बाळू, तुला माहीतच आहे की पुढच्या रविवारी आपल्या सुमनचं लग्न आहे आणि आपल्या घराण्याच्या प्रथेप्रमाणे पहिली पत्रिका कुलदैवतासमोर ठेवावी लागते, त्यामुळे ही पत्रिका जपून ने." 'प्रथेप्रमाणे'पाशी दोन्ही वेळा श्वास संपला. वाचायला जवळजवळ बारा सेकंद लागले.

श्वास संपणं हे वरवरचं लक्षण. खरा दोष असा की आत्या बाळूशी बोलतच नाहीये, ती प्रेक्षकाला माहिती देतेय. 'तुला माहीतच आहे' असं घरातलं माणूस म्हणालं की समजावं, लेखक पात्राच्या मागे उभा आहे. आणि ॲनिमेशनमध्ये तर ही माहिती शब्दांत द्यायची गरजच नसते. मागे अंगणात मांडवाचे खांब उभे राहताहेत, पत्रिकेच्या कोपऱ्याला हळद-कुंकू लावलंय, एवढं दिसलं की लग्न कळलं. मैत्रिणीने वाक्य केलं: "ही देवाची. बाकीच्या नंतर. आणि हात धुतलेस का?" पाच सेकंद. शिवाय शेवटच्या प्रश्नाने आत्या माणूस झाली.

आणखी एक गोष्ट कानाला लगेच जाणवली. पहिल्या प्रसंगात आत्या "काय रं" म्हणते आणि तिसऱ्या प्रसंगात एकदम पुस्तकी बोलते. कागदावर चार पानांचं अंतर असल्यामुळे हे डोळ्याला दिसलं नव्हतं. चिंगीच्या बाबतीतही तसंच. संहितेत सगळीकडे नुसतं "बेंऽऽ" लिहिलेलं. आवाज काढणाऱ्या मित्राने तिसऱ्या वेळी वाचन थांबवून विचारलं, "आता ही भुकेली आहे, घाबरलीये की लाडात आलीये?" अगदी रास्त प्रश्न. आवाज देणाऱ्याला हेतू लागतो, म्हणून न बोलणाऱ्या प्राण्याच्या प्रत्येक आवाजाशेजारी तो एका शब्दात लिहिलेला असावा.

आता वेळेकडे येतो, कारण बहुतेक जण इथेच फसतात. चित्रपटाच्या संहितेत एक पान म्हणजे साधारण एक मिनिट असा ढोबळ हिशोब चालतो. ॲनिमेशनमध्ये, त्यातही मूक विनोद असलेल्या गोष्टीत, त्याच्यावर विसंबू नये. वर्णन वाचायला लागणारा वेळ आणि ते पडद्यावर घडायला लागणारा वेळ यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

आमचं पहिलं वाचन सहा मिनिटं चाळीस सेकंदांत संपलं आणि सगळे खूश झाले, सात मिनिटांत बसतंय म्हणून. पण घड्याळवाल्या मित्राने संवाद आणि वर्णनं वेगळी मोजली होती. संवाद तीन मिनिटं पन्नास सेकंद, वर्णनं दोन मिनिटं पन्नास सेकंद. मग आम्ही वर्णनं वाचायची सोडून करून पाहिली. उठून उभं राहायचं, हातात कागद पत्रिका म्हणून घ्यायचा, शेळी झालेल्या माणसाने खरंच मान पुढे करायची, हुंगायचं, बाळूकडे बघायचं, पुन्हा हुंगायचं आणि मग घास. ॲनिमेटर मंडळी स्वतः घड्याळ लावून असंच करतात. वाचताना या घासाला आठ सेकंद लागले होते, करताना वीस लागले, आणि ते वीसही हवेच होते, कारण विनोद त्या दोन हुंगण्यांच्या मधल्या शांततेत आहे.

"चिंगी बाजारात घुसते, टोपल्या उलटतात, सगळे तिच्यामागे धावतात" हे वाचायला नऊ सेकंद लागले. काय काय घडतं ते एकेक करून मोजलं तेव्हा पंचाहत्तर सेकंद भरले. छापखान्याचं उलटं निघालं. खिळे, शाई, जुनं यंत्र यांचं मैत्रिणीने फार प्रेमाने केलेलं वर्णन वाचायला चाळीस सेकंद लागले आणि ऐकताना सगळे कंटाळले. पडद्यावर मात्र ते एकच चित्र आहे, आठ सेकंदांचं. म्हणजे वाचताना जिथे गाडी रेंगाळली तिथे चित्रपट रेंगाळणार नव्हता, आणि जिथे वाचन भुर्रकन गेलं तिथेच तो लांबणार होता. दार उघडणं, चपला घालणं, मागे वळून बघणं अशा किरकोळ हालचालींत आणखी मिनिटभर गेलं. वर्णनांचा नवा वेळ चार मिनिटं चाळीस सेकंद. एकूण साडेआठ मिनिटं. दीड मिनिट जास्त.

कुठे कापायचं हे ठरवायला आम्ही कागदाची एक लांब पट्टी घेतली. दहा सेकंदांना एक चौकोन, बोलणं असेल तिथे निळा, नसेल तिथे कोरा. सुरुवातीला निळ्याची सलग रांग आणि पाठलागात कोऱ्याची सलग रांग, असमतोल डोळ्यासमोर आला. आत्याची वाक्यं मिळून पंचवीस सेकंद उतरली. पाठलाग पंचाहत्तरवरून चाळीसवर आणला. आणि शेजारीणबाईंचा अर्ध्या मिनिटाचा प्रसंग पूर्ण गेला. तो चांगला लिहिलेला होता, मला अजून त्याची हळहळ वाटते, पण काढल्यावर गोष्टीला कुठेच भोक पडलं नाही.

वाचनानंतर मित्रांना "कसं वाटलं?" विचारण्यात अर्थ नसतो. मित्र छानच म्हणणार. ते हसले यावरही फार भरवसा ठेवू नये, कारण अर्धं हसू शेळी झालेल्या मित्राला असतं. विचारायचं ते असं: गोष्ट परत सांगा बघू. आमच्यातल्या तिघांनी दुसरी पत्रिका कुणी छापून दिली हे सांगितलंच नाही. ते एका वाक्यात, धावता धावता येऊन गेलं होतं. तेवढ्या जागी मैत्रिणीने माहिती वाढवली, बाकी सगळीकडे कमीच केली.

या वाचनाला मर्यादा आहेत. चिंगीच्या डोळ्यांतला भाव, रंग, कॅमेरा कुठून बघतोय यातलं काही इथे कळत नाही. बसल्या जागी माणसं एकमेकांच्या वाक्यावर वाक्य टाकतात तेव्हा फार जिवंत वाटतं, पण प्रत्येक कलाकाराचा आवाज वेगळा मुद्रित झाला की ती गंमत आपोआप येत नाही, मुद्दाम बांधावी लागते. म्हणून दुरुस्त केलेली पानं आम्ही नव्या दोघांकडून वाचून घेतली आणि या वेळी वर्णनं न वाचता फक्त संवाद मुद्रित केले, प्रत्येक वाक्यानंतर दोन सेकंद मोकळे सोडून. आता मैत्रीण तोच कच्चा आवाज कच्च्या रेखाटनांखाली टाकून ॲनिमॅटिक लावतेय. मोकळी जागा असल्यामुळे तिला वाक्यं पुढे-मागे सरकवता येतात, आणि हुंगण्याची ती शांतता वीस सेकंदांत बसते की अठरात, हे तिला चित्र बघून ठरवता येईल.